आठवड्याची नव्वद सेकंदांची क्लिप : एकच प्रसंग निवडून स्क्रिप्ट कशी लिहावी

टीमसाठी दर आठवड्याला छोटी प्रेरणादायी क्लिप करायची असं ठरलं की पहिले दोन-तीन आठवडे बरे जातात. पुढे स्क्रिप्टमध्ये "अशक्य असं काहीच नाही", "आपण सगळे एक कुटुंब आहोत", "आकाशाला गवसणी घालूया" अशी वाक्यं येऊ लागतात. ती चुकीची नसतात, पण ऐकणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. आपल्या लीडरने या आठवड्यात आपलं काम पाहिलं की नाही, हे त्या वाक्यांवरून ओळखता येत नाही, आणि ऐकणारा नेमकं तेच शोधत असतो. म्हणून क्लिपचा सगळा भार एका खऱ्या, याच आठवड्यातल्या, आपल्याच टीममधल्या प्रसंगावर टाकावा. तो कसा शोधायचा, कसा लिहायचा आणि त्याभोवतीचं काय काय काढून टाकायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी लांबी ठरवा

मराठीत समजेल अशा शांत वेगाने बोलताना मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द होतात. माणसागणिक हे बदलतं, म्हणून एकदा स्वतःचा वेग मोजून घ्या. शंभर शब्दांचा एखादा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि किती सेकंद लागले ते पाहा. नव्वद सेकंदांच्या क्लिपसाठी 150 ते 170 शब्दांची स्क्रिप्ट पुरते, कारण मध्ये थांबायलाही जागा लागते. एवढ्या शब्दांत एक प्रसंग पूर्ण मावतो. दोन प्रसंग घेतले तर दोन्ही अर्धवट राहतात.

एकाच प्रसंगावर अडून राहण्याला आणखी एक कारण आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही लोकांना मालीमधल्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगून मदत मागितली होती, तर काहींना उपासमारीने ग्रासलेल्या लाखो लोकांची आकडेवारी दिली होती. एका मुलीसाठी लोकांनी जास्त पैसे दिले. महत्त्वाचा भाग पुढचा आहे. मुलीची गोष्ट आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हा मदत वाढली नाही, उलट एकट्या मुलीच्या वेळेपेक्षा बरीच कमी झाली. अभ्यास देणग्यांबद्दलचा आहे, तो ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही प्रसंग सांगून झाल्यावर "आणि या महिन्यात आपण एकूण इतक्या तक्रारी सोडवल्या" असं जोडायचा मोह होतो तेव्हा मी तो टाळतो. महिन्याचे आकडे आढावा बैठकीत सांगावेत.

प्रसंग गोळा करणं हे आठवडाभराचं काम

शुक्रवारी दुपारी बसून "या आठवड्यात प्रेरणादायी काय घडलं?" असं आठवायला लागलात तर मोठ्या गोष्टीच आठवतील : काम मिळालं, रिलीज झालं, एखाद्या बड्या साहेबांनी कौतुक केलं. क्लिपला उपयोगी पडणारे प्रसंग त्याहून बारीक असतात आणि दोन दिवसांत विसरले जातात. फोनमध्ये एक नोंद उघडी ठेवा आणि काही दिसलं की एक ओळ टाका : कोण, कधी, काय केलं. आठवड्याला तीन-चार ओळी झाल्या तरी पुष्कळ.

हे प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर क्वचितच घडतात, ते कामाच्या कागदांत सापडतात. एका शिफ्टने दुसरीसाठी ठेवलेल्या नोंदी, तक्रारींचा इतिहास, बैठकीचं टिपण, कामाच्या ग्रुपवरचे मेसेज चाळा. याशिवाय एक प्रश्न फार उपयोगी पडतो. टीममधल्या वेगवेगळ्या माणसांना अधूनमधून सहज विचारा : "या आठवड्यात कोणामुळे तुझं काम सोपं झालं?" कोण चांगलं काम करतं असं विचारलं तर माणसं अवघडतात आणि ठरलेली दोन नावं घेतात. काम कोणामुळे सोपं झालं, असं विचारलं की प्रसंगच सांगतात, आणि त्यात अशी नावं येतात जी तुमच्या लक्षातही आली नसती.

त्यांतला एक निवडा

निवड इथे सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रसंग फसला तर चांगल्या वाक्यांनी तो सावरत नाही. निवडताना मी तीन गोष्टी पाहतो.

पहिली, तो प्रसंग कॅमेऱ्याने टिपता आला असता का? "तिने खूप जबाबदारी दाखवली" याचं चित्रण करता येत नाही. "तिने निघण्याआधी चार ओळी लिहिल्या" याचं करता येतं. जे दिसू शकतं तेच सांगायचं.

दुसरी, त्या प्रसंगात निवडीचा एक क्षण होता का? म्हणजे त्या व्यक्तीला दुसरं काहीतरी करता आलं असतं, ते जास्त सोपं होतं, आणि तसं केलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. हा क्षण नसेल तर जे उरतं तो नुसता कामाचा अहवाल असतो. माणसाचं वेगळेपण त्या निवडीत असतं, आणि ऐकणाराही तिथेच स्वतःला उभा करून पाहतो.

तिसरी, सोमवारी दुसऱ्या कोणाला तेच करता येईल का? इथे बरेच आकर्षक प्रसंग गळतात आणि गळू द्यावेत. रात्रभर जागून कोणी काम पूर्ण केलं, सुट्टी मोडून कोणी आलं, आजारी असताना कोणी बैठकीला बसलं, हे प्रसंग क्लिपमध्ये घेऊ नका, अशी माझी ठाम सूचना आहे. त्या माणसाचे आभार जरूर माना, समोरासमोर माना. पण क्लिपमध्ये तो प्रसंग गेला की बाकीच्यांना संदेश जातो की इथे कौतुक हवं असेल तर घरचा वेळ द्यावा लागतो. बहुतेक वेळा त्या जागरणामागे नियोजनातली चूक असते, आणि ती चूक टाळ्यांखाली झाकली जाते.

विचारून आणि तपासून घ्या

ज्यांचा प्रसंग आहे त्यांना लिहिण्याआधी विचारा. सगळ्यांसमोर नाव घेतलेलं प्रत्येकाला आवडत नाही. "नाव घेतलं तर चालेल का, की नाव न घेता सांगू?" असा मोकळा पर्याय द्या, आणि संकोच दिसला तर दुसरा प्रसंग घ्या. त्याच बोलण्यात तपशील पक्के करा : किती वाजले होते, नेमकं काय लिहिलं, पुढे ते कोणाच्या हाती गेलं. टीममधल्या लोकांना खरं काय घडलं ते माहीत असतं. एक तपशील चुकला की क्लिपवरचा विश्वास जातो. ग्राहकाबद्दल सांगताना नाव, व्यवहाराचा क्रमांक किंवा तो ओळखू येईल असं काहीही नको. क्लिप टीमबाहेर जाणार नाही असं आपण धरून चालतो, पण ती पुढे पाठवली जातेच.

एक प्रसंग घेऊन लिहून पाहू

समजा, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी टीम आहे आणि दोन शिफ्ट आहेत. तुमच्या नोंदीत एक ओळ आहे : "बुधवार, संध्याकाळ, अर्धवट तक्रारीची चांगली नोंद." यावरून पहिला खर्डा साधारण असा उतरतो :

"मित्रांनो, यश एका दिवसात मिळत नाही. त्यामागे मेहनत, जिद्द आणि टीमवर्क असतं. या आठवड्यात आपल्या एका सहकाऱ्याने उत्तम जबाबदारीचं दर्शन घडवलं आणि ग्राहक समाधानी झाला. अशाच छोट्या छोट्या पावलांनी आपण यशाचं शिखर गाठणार आहोत. चला, नव्या जोमाने कामाला लागूया!"

आता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही टीमच्या, दुसऱ्या कुठल्याही आठवड्याच्या क्लिपमध्ये चाललं असतं का? चाललं असतं तर ते खोडा. या खर्ड्यातली पाचपैकी चार वाक्यं लगेच जातात. उरतं ते तिसरं, आणि त्यातही जबाबदारी, दर्शन, समाधान हे सगळे आपण काढलेले निष्कर्ष आहेत. घडलं काय, ते अजून आलेलंच नाही. मग त्या व्यक्तीशी आणि दुसऱ्या शिफ्टमधल्या सहकाऱ्याशी बोलायचं, तपशील घ्यायचे आणि कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायचं. खर्ड्यातली वाक्यं दुरुस्त करत बसू नका, त्यांची लय पुन्हा घुसते.

दुसरी स्क्रिप्ट अशी झाली. कंसात नाव आहे तिथे खरं नाव घ्यायचं :

"बुधवारी संध्याकाळी, शिफ्ट संपायला दहा मिनिटं होती. (नाव)समोर एक तक्रार उघडी होती. ग्राहकाचे पैसे कापले गेले होते, ऑर्डर दिसत नव्हती, आणि बँकेचं उत्तर दुसऱ्या दिवशीच येणार होतं.

'बँकेला विचारलं आहे' एवढी ओळ लिहून तिला निघता आलं असतं. ते नियमात बसलं असतं.

तिने चार ओळी लिहिल्या. ग्राहकाचं काय काय सांगून झालंय. आपण काय तपासलंय. बँकेकडून नेमकं कशाचं उत्तर यायचंय. आणि ग्राहकाला उद्या अकराच्या आत फोन करायचं कबूल केलंय.

गुरुवारी (दुसरं नाव)ने त्या चार ओळी वाचल्या आणि पावणेअकराला फोन लावला. ठेवताना ग्राहक म्हणाले, 'बरं झालं, मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.'

पैसे आज सकाळी परत आले. ते आपल्या हातात नव्हतं. त्या चार ओळी होत्या.

पुढच्या आठवड्यात निघताना एखादी तक्रार अर्धवट राहिली, तर शेवटी एवढंच लिहा : ग्राहकाला आपण काय कबूल केलंय, आणि किती वाजेपर्यंत.

(नाव), मनापासून आभार."

सुरुवात थेट प्रसंगात आहे. "नमस्कार, आजच्या क्लिपमध्ये आपण पाहणार आहोत" यात आठ-दहा सेकंद जातात, आणि फोनवर क्लिप बघणारा तेवढ्यात पुढे सरकतो. पहिल्या वाक्यात वार आणि वेळ आली की ऐकणारा लगेच मनात म्हणतो, बुधवारी मीही होतो.

"ते नियमात बसलं असतं" हे वाक्य मी विचार करून ठेवलं आहे. निवडीचा क्षण दाखवताना "बाकीचे सगळे एकच ओळ लिहून मोकळे होतात" असं लिहावंसं वाटतं. तसं लिहिलं की एकीचं कौतुक आणि बाकीच्यांना टोमणा, असं होतं, आणि ज्यांचं कौतुक केलं त्यांनाच दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास भोगावा लागतो. सोपी वाट कोणती होती एवढंच सांगावं, त्या वाटेने कोण जातं ते सांगू नये.

ग्राहकाचं वाक्य हा या स्क्रिप्टचा कणा आहे. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2007 सालचा एक अभ्यास अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर झाला होता. त्यांच्यातल्या काहींची भेट त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली. भेट जेमतेम पाच मिनिटांची होती. महिन्याभराने या गटाचा फोनवरचा वेळ आणि जमा केलेली रक्कम, दोन्ही आधीच्या दुपटीहून अधिक झाली होती. ज्यांची भेट झाली नाही त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. आपलं काम कोणापर्यंत पोचलं हे पाहणं लीडरच्या कौतुकापेक्षा जास्त हलवतं, असं मला यावरून वाटतं. म्हणून शेवटच्या माणसाचं एखादं खरं वाक्य मिळत असेल तर ते शोधून आणा. मिळत नसेल तर रचू नका. मग त्या माणसाने पुढे काय केलं ते सांगा, तेवढंही पुरतं.

"पैसे आज सकाळी परत आले" हे वगळलं असतं तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न राहिला असता. पण ते श्रेय टीमला देणं खोटं ठरलं असतं, कारण पैसे बँकेने परत केले. जे आपल्यामुळे झालं आणि जे आपल्यामुळे झालं नाही, ते वेगळं ठेवलं की उरलेल्या कौतुकाला वजन येतं.

शेवटची विनंती चारही ओळींची नाही, एकाच ओळीची आहे. चार ओळींचा आग्रह धरला तर दुसऱ्या दिवशीपासून तो नियम होतो आणि लोक चार ओळी भरतात, उपयोगी असोत वा नसोत. एक गोष्ट मागितली तर ती पुढच्या आठवड्यात झाली की नाही, हेही सहज पाहता येतं.

बोलून पाहा, मग रेकॉर्ड करा

लिहिलेली स्क्रिप्ट मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा छापील भाषा आलेली असते : "करण्यात आले", "सदर", "यशस्वीरीत्या", "त्यांच्याद्वारे". त्या जागी रोज बोलता तसं लिहा. ज्यांना रोज अरे-तुरे करता त्यांना क्लिपमध्ये अहो-जाहो केलं की ते विचित्र वाटतं, आणि उलटही तितकंच खटकतं. रोज जशी हाक मारता तशीच मारा.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा, उजेड समोरून येऊ द्या, पंखा बंद करा. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे, त्यामुळे कानातल्या इअरफोनचा माइक चालत असेल तर तो वापरा. मागे संगीत लावू नका. भावनिक सूर लागला की बोलणं जाहिरातीसारखं ऐकू येतं. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली मजकूर द्या, आणि आपोआप तयार होणारा मजकूर एकदा वाचून नावं दुरुस्त करा. ज्याचं कौतुक आहे त्याचंच नाव चुकीचं उमटलं तर फार वाईट दिसतं. स्क्रिप्ट पाठ करू नका. प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागे लावा आणि सांगा. एक-दोन शब्द इकडेतिकडे झाले तरी चालतं, फक्त ग्राहकाचं वाक्य आणि शेवटची विनंती जशी लिहिली तशीच बोला.

कोणाचं नाव किती वेळा आलं, याची नोंद

क्लिपचा तारीखवार तक्ता ठेवा : कोणाचा प्रसंग, कोणत्या कामाचा. पाच-सहा आठवड्यांनी तो बघा. बहुतेक वेळा असं दिसतं की ग्राहकांशी बोलणारे, बैठकीत बोलणारे आणि लीडरच्या जवळ बसणारे पुन्हा पुन्हा येतात. माहिती तपासणारे, साचे नीट ठेवणारे, घरून काम करणारे, रात्रीच्या शिफ्टवाले दिसत नाहीत. त्यांच्या कामात प्रसंग नसतात असं नाही, ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. अशा वेळी वर सांगितलेला "कोणामुळे काम सोपं झालं" हा प्रश्न मुद्दाम त्यांच्या शेजारच्या टप्प्यावर काम करणाऱ्यांना विचारा. मात्र केवळ पाळी आली म्हणून कोणाचा ओढूनताणून प्रसंग बनवू नका, तो लगेच ओळखू येतो.

चालतंय की नाही, हे कशावरून कळतं

ग्रुपवर पडलेले अंगठे आणि टाळ्या मोजू नका. लीडरच्या क्लिपला त्या पडतातच. तीन खुणा जास्त खऱ्या आहेत. मागितलेली एक गोष्ट कामात दिसते का : वरच्या उदाहरणात पुढच्या आठवड्यातल्या दहा अर्धवट नोंदी उघडून कबूल केलेली वेळ कितींमध्ये लिहिली आहे ते पाहता येतं. दुसरी, टीममधली माणसं आपणहून दुसऱ्याचे प्रसंग तुम्हाला कळवू लागतात का. तिसरी, क्लिपमधली एखादी गोष्ट लोक आपापसात बोलताना वापरतात का. यांतलं काहीच पाच-सहा आठवड्यांत दिसलं नाही तर बहुधा प्रसंग फार मोठे निवडले जात आहेत किंवा शेवटची विनंती मोघम आहे. जुन्या स्क्रिप्ट काढून शेवटची वाक्यं एकाखाली एक लिहा. "अशीच काळजी घेऊया", "हा दृष्टिकोन ठेवूया" अशी वाक्यं दिसली तर दोष तिथे आहे.

आठवडा वाईट गेला असेल तर

मुदत चुकली, ग्राहक गेला, सगळे थकले आहेत, अशा आठवड्यातही क्लिप करता येते, पण वाईट गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून : "गुरुवारी आपली मुदत चुकली, हे सगळ्यांना माहीत आहे." ती टाळून गोड प्रसंग सांगितला तर लोकांना वाटतं की लीडरला परिस्थिती कळलेली नाही. मग त्याच अडचणीतला एक प्रसंग घ्या, उदाहरणार्थ, उशीर होणार हे कोणीतरी दोन दिवस आधी सांगितलं आणि त्यामुळे ग्राहकाला वेळेत कळवता आलं. उशीर तसाच राहतो, पण लवकर सांगणं ही निवड होती आणि ती दुसऱ्यांनाही करता येते.

कामावरून कमी केलं जाणार असेल, पगार अडकले असतील, टीममधल्या कोणावर आघात झाला असेल किंवा कोणाबद्दल तक्रारीची चौकशी चालू असेल, तर त्या आठवड्यात क्लिप करू नका. लोकांना त्या वेळी माहिती आणि प्रश्न विचारायची जागा हवी असते, आणि ती समोरासमोर बसूनच देता येते. आणि आठवडा नुसताच साधा गेला, नोंदीत एकही ओळ तिन्ही कसोट्यांवर उतरली नाही, तर "या आठवड्यात क्लिप नाही, पुढच्या शुक्रवारी भेटू" एवढा मेसेज टाका आणि त्या वेळात दोन माणसांना तो प्रश्न विचारून या.